जड वजन उचलताना पल्स आधी उडते आणि मग खड्ड्यात का जाते?

मित्राने परवा मोबाइल पुढे केला, म्हणाला, "हे बघ आणि खरं सांग." स्क्रीनवर त्याच्या डेडलिफ्टचा ग्राफ होता, एकच रेप, 140 किलो. वजन उचलायच्या आधी पल्स 92 च्या आसपास रेंगाळत होती, मग सरळ टेकडी चढून 134 ला गेली आणि बार खाली ठेवून वीसेक सेकंद होत नाहीत तोवर घसरत 84 वर आली. म्हणजे सुरू केली तिथपेक्षाही खाली. मग परत थोडी वर येऊन 98 च्या आसपास स्थिरावली. त्याचं म्हणणं असं की वर गेली ते समजलं रे, जोर लावला म्हणून गेली, पण थांबल्यावर एवढी धाडकन खाली का, आणि खाली गेली तर परत वर का? हार्ट दमतंय का माझं?

हार्ट दमत नाहीये. या सगळ्याला एक नाव आहे, वाल्साल्वा. पण त्याआधी मराठीतला एक जुना, थोडा लाजिरवाणा शब्द घेऊ, कारण नव्वद टक्के गोष्ट त्यात आहे: कुंथणं.

## कुंथणं म्हणजे नक्की काय करतो आपण

जड कपाट सरकवताना, घट्ट झाकण उघडताना, शौचाला जोर करताना आपण न शिकता एकच गोष्ट करतो. श्वास आत घेतो, घशातली स्वरयंत्राची फट बंद करतो आणि मग बंद दारावर आतून ढकलावं तसा श्वास बाहेर ढकलायचा प्रयत्न करतो. हवा बाहेर जात नाही, त्यामुळे छातीतला आणि पोटातला दाब वाढतो. यालाच वाल्साल्वा म्हणतात. अंतोनिओ मारिया वाल्साल्वा हा इटलीतला शरीररचनेचा अभ्यासक, त्याने 1704 मध्ये कानावरच्या पुस्तकात ही युक्ती लिहिली आणि तीही कशासाठी, तर नाक-तोंड बंद करून जोर लावला की कानात साचलेला पू बाहेर निघावा म्हणून! हार्टशी त्याचा काही संबंध नव्हता. विमानात कान मोकळे करायला आपण नाक दाबून फुंकतो ती त्याचीच युक्ती.

वजन उचलणारे हे मुद्दाम करतात. पाण्याने भरलेली सीलबंद प्लास्टिकची बाटली उभी ठेवून वरून दाबा, दबत नाही. झाकण उघडून दाबा, लगेच चेपते. धडाचंही तसंच. श्वास भरून कोंडला आणि पोटाचे स्नायू ताणले की धड सीलबंद बाटली होतं आणि पाठीचा कणा वाकायला कमी धजावतो. वजन खूपच जड असेल, म्हणजे तुमच्या कमाल ताकदीच्या साधारण ऐंशी टक्क्यांच्या वर, तर नको म्हटलं तरी शरीर थोडा वेळ श्वास कोंडतंच.

## आधी बार बाजूला ठेवू, खुर्चीत बसलेला माणूस बघू

वजन उचलताना एका वेळी चार गोष्टी घडत असतात, त्यामुळे ग्राफ गढूळ होतो. स्वच्छ चित्र लॅबमध्ये दिसतं. तिथे माणूस शांत बसतो, तोंडात नळी धरतो आणि तिच्यात फुंकून दाब 40 मिलिमीटर पाऱ्यावर 15 सेकंद टिकवतो. बस एवढंच. समजा बसल्याबसल्या त्याची पल्स 70 आहे.

जोर सुरू केल्याकेल्या छातीतला वाढलेला दाब महाधमनीला, म्हणजे हार्टमधून निघणाऱ्या मोठ्या नळीला, बाहेरून पिळतो. टूथपेस्टची ट्यूब दाबावी तसं थोडं रक्त पुढे ढकललं जातं, बीपी एक-दोन सेकंद वाढतं. पल्स हलत नाही किंवा जराशी कमी होते.

मग मजा सुरू होते. हात, पाय, डोकं, सगळीकडून रक्त हार्टकडे परत येतं ते शिरांमधून, आणि शिरांमधला दाब अगदी कमी असतो, साधारण पाच-दहा मिलिमीटर. पुढे छातीत 40 चा दाब उभा आहे, मग ते आत येणार कसं? गार्डन पाइपवर कोणी पाय ठेवल्यासारखं होतं. हार्टमध्ये येणारंच कमी झालं की दर ठोक्याला बाहेर जाणारंही कमी होतं आणि बीपी उतरायला लागतं.

मानेतल्या आणि महाधमनीतल्या रक्तवाहिन्यांच्या भिंतीत दाब मोजणारे सेन्सर आहेत, बॅरोरिसेप्टर म्हणतात त्यांना. त्यांना कळतं की दाब उतरतोय, ते मेंदूला कळवतात, मेंदू पल्स वाढवतो आणि रक्तवाहिन्या आवळतो. म्हणून 70 ची पल्स पंधराव्या सेकंदापर्यंत 100 च्या आसपास जाते. लक्षात घ्या, ही पल्स दाब वाढल्यामुळे वर गेली नाही, दाब उतरला म्हणून गेली. बहुतेकांना हे उलटं वाटतं.

आता तो फुंकणं थांबवतो. महाधमनीवरचा बाहेरचा दाब एकदम जातो, आणि हार्टकडे परत निघालेलं रक्त आधी फुप्फुसातल्या मोकळ्या झालेल्या नळ्या भरतं, डाव्या बाजूला पोचायला एक-दोन सेकंद लागतात. तेवढ्या वेळात बीपी आणखी एक डुबकी मारतं आणि पल्स शेवटचा झटका घेऊन 105 ला टेकते. मग अडून राहिलेलं सगळं रक्त एकदम हार्टमध्ये येतं, हार्ट ते पूर्ण ताकदीने बाहेर फेकतं, पण बाहेरच्या रक्तवाहिन्या अजून आवळलेल्याच आहेत, त्यांना सैल व्हा असा निरोप पोचायला वेळ लागतो. अरुंद नळीत जास्त पाणी. बीपी पहिल्यापेक्षाही वर उसळतं, सेन्सर बोंब मारतात आणि मेंदू जोरात ब्रेक दाबतो. पल्स 58 ला येते. हाच तो खड्डा. पुढच्या अर्ध्या-एक मिनिटात सगळं परत 70 ला.

म्हणजे लॅबच्या ग्राफवर पल्सचं शिखर असतं तेव्हा बीपी तळाला असतं आणि पल्स तळाला असते तेव्हा बीपी शिखरावर. मित्राला हे सांगितल्यावर तो ग्राफ उलटा धरून बघायला लागला, जे अगदीच चुकीचं नव्हतं!

## खाली एवढ्या झपकन का, आणि वर हळू का

हार्टला ब्रेक आणि ॲक्सिलरेटर असे दोन वेगळे वायर आहेत. ब्रेकचं नाव व्हेगस नर्व्ह. तिचा निरोप पोचला की पुढच्या एक-दोन ठोक्यांतच पल्स उतरते. ॲक्सिलरेटरची, म्हणजे सिम्पथेटिक नर्व्हजची, गोष्ट वेगळी, त्यांचा परिणाम दिसायला काही सेकंद लागतात आणि जायलाही वेळ लागतो, गरम तवा गॅस बंद केल्यावर लगेच गार होत नाही तसा. म्हणून खड्ड्याचा उतार उभा असतो.

डॉक्टर लोक याचा उपयोग करून घेतात. एका प्रकारच्या अचानक धडधडीत (एसव्हीटी नावाची) पेशंटला 15 सेकंद जोर करायला लावतात आणि मग लगेच आडवं करून पाय वर उचलतात, म्हणजे रक्त आणखी भसकन परत यावं आणि ब्रेक आणखी जोरात लागावा. 2015 मध्ये इंग्लंडमध्ये झालेल्या एका मोठ्या चाचणीत या पाय उचलण्याच्या पद्धतीने 43 टक्के पेशंटची लय ताळ्यावर आली, नुसतं बसून जोर करणाऱ्यांत 17 टक्के. हे दवाखान्यात, डॉक्टरांच्या देखरेखीत, घरी धडधड सुरू झाली की प्रयोग म्हणून नाही.

दुसरा उपयोग म्हणजे शिखर आणि खड्डा यांचा भागाकार. आपल्या खुर्चीतल्या माणसाचे दोन ठोक्यांतलं सगळ्यात लांब अंतर 1034 मिलिसेकंद (पल्स 58) आणि सगळ्यात छोटं 571 (पल्स 105), भागाकार 1.8. निरोगी तरुण माणसात असाच दीडच्या वर येतो, वय वाढेल तसा कमी होतो. खूप वर्षं डायबेटिस असलेल्या काहींमध्ये या नर्व्हज खराब होतात, तेव्हा हा आकडा 1 च्या जवळ सरकतो, कारण ग्राफ वरही जात नाही आणि खालीही. म्हणजे मित्र ज्या खड्ड्याला घाबरत होता तो नसणं हीच डॉक्टरांच्या दृष्टीने काळजीची गोष्ट. फक्त ही परीक्षा बसून, ठरलेल्या दाबावर करायची असते, डेडलिफ्टच्या ग्राफवरून असा भागाकार काढत बसू नका.

## आता बार हातात घेऊ

इथे चित्र बदलतं. खुर्चीत जोर करताना बीपी उतरलं होतं, जड डेडलिफ्टमध्ये ते उतरत नाही, भयानक वाढतं. कारण पाय, नितंब, पाठ असे मोठे स्नायू पूर्ण ताकदीने आवळले जातात आणि स्वतःच्या आतल्या रक्तवाहिन्याच चेपून टाकतात. हार्ट पंप करतंय पण पुढचे अर्धे नळ बंद आहेत. वर छातीतला दाब आहेच. कॅनडाच्या मॅकमास्टर युनिव्हर्सिटीच्या टीमने 1985 मध्ये बॉडीबिल्डर्सच्या हाताच्या धमनीत थेट नळी घालून बीपी मोजलं होतं, दोन्ही पायांच्या लेग प्रेसमध्ये सरासरी 320/250 आलं आणि एकाचं 480/350. हो, छापण्याची चूक नाहीये ती!

मग बीपी एवढं वाढलं तर सेन्सरने पल्स खाली आणायला नको होती का? इथे मेंदू लबाडी करतो. जोर लावायचा हुकूम स्नायूंना देतानाच तो ब्रेक सोडतो आणि सेन्सरला सांगतो की थोडा वेळ जास्त दाब चालेल. म्हणून उचलायच्या आधीच, बारजवळ उभं राहून नुसता विचार केला तरी पल्स वर सरकते.

मित्राचा ग्राफ आता परत बघू. पहिली गोष्ट म्हणजे ते सुरुवातीचं 92. ती त्याची आरामातली पल्स नाहीच, सोफ्यावर बसल्यावर त्याची 64 असते. 92 म्हणजे बार बघून अंगात आलेला जोश, ब्रेक आधीच अर्धा सुटलेला. श्वास भरला, कोंडला, बार जमिनीवरून सुटला, वर गेला, खाली आला, एकूण सात-आठ सेकंद. बार जमिनीला टेकला तेव्हा 126. शिखर, म्हणजे 134, आलं त्यानंतर तीन-चार सेकंदांनी, तो मोठमोठे श्वास घेत होता तेव्हा. मग विसाव्या सेकंदापर्यंत 84, चाळिसाव्याला 98.

बार सोडल्यावर दोन गोष्टी एकदम होतात. छातीतला दाब जातो, आणि त्याच क्षणी चेपलेले स्नायू सुटतात, त्यांच्यातल्या रिकाम्या, सैल झालेल्या नळ्यांत रक्त ओतलं जातं. बीपी 300 च्या घरातून काही सेकंदांत नेहमीच्या पातळीला किंवा त्याच्याही खाली येतं. तेवढ्यापुरती पल्स आणखी चढते. मग परतीचं रक्त हार्टला पोचतं, दाब सावरतो, मेंदूचा जोर लावायचा हुकूम संपलेला असतो, आणि ब्रेक परत लागतो, थोडा जास्तच. 84. आणि ब्रेक सैल झाल्यावर जे उरतं ते 98, कारण स्नायूंना झालेल्या खर्चाची भरपाई चालू आहे, ॲक्सिलरेटर अजून कोमट आहे. त्यामुळे 84 हा आकडा "सुरुवातीपेक्षा खाली" दिसतो खरा, पण सोफ्यावरच्या 64 पेक्षा वीसने वरच आहे.

हाच मित्र हलक्या वजनाचे पंधरा रेप मारतो तेव्हा पल्स 150 च्या पुढे जाते आणि खड्डा वगैरे काही नाही, एक मिनिटाने 120, दोन मिनिटाने 110, असा आळशी उतार. स्नायूंत साचलेला कचरा ॲक्सिलरेटर दाबून ठेवतो, त्यात ब्रेकचा तो छोटा झटका बुडून जातो. खड्डा दिसायला छोटा आणि जड सेट लागतो.

## "पण घड्याळच चुकत असेल तर?"

चुकू शकतं, चांगलंच चुकतं. मनगटावरचं घड्याळ हिरवा प्रकाश टाकून कातडीखालच्या रक्ताची चढउतार बघतं. बार घट्ट पकडला की मनगटातले टेंडन हलतात, रक्त कमी पोचतं, घड्याळाला काही दिसेनासं होतं. शिवाय ते मागच्या काही सेकंदांची सरासरी दाखवतं. मित्राचा वरचा ग्राफ छातीच्या पट्ट्याचा होता, पण त्याच सेटला त्याने एका हातात घड्याळही घातलं होतं, त्यात उचलताना सपाट 96 आणि बार ठेवल्यावर दहा-बारा सेकंदांनी 121. खड्डा 91 चा, तोही उशिरा. घड्याळाच्या भरवशावर असता तर त्याला वाटलं असतं पल्स आरामात वाढते!

खरा उतार ठोक्याठोक्याने येतो, 134, 127, 117, 108 असा, आणि खाली गोल वळून वर येतो. चुकीचा आकडा एकदम पडतो, 134 वरून पुढच्या सेकंदाला 67, बरोबर निम्मा, आणि तितकाच अचानक परत. निम्मा दिसला की समजा सेन्सरने एकाआड एक ठोका गाळलाय. छातीचा पट्टा यात बराच बरा, पण बेंच प्रेसला छातीचे स्नायू ताणले की त्यातही कचरा येतो, किंवा पट्टा कोरडा असेल तरी. शंका आली की बार ठेवल्यावर मानेवर बोटं ठेवून 15 सेकंद मोजा आणि चारने गुणा, फक्त एकाच बाजूला आणि हलकं दाबा, कारण सेन्सर तिथेच आहे आणि जोरात दाबलं तर तुम्हीच पल्स खाली आणाल.

## "डोळ्यांपुढे अंधारी येते, ती या खड्ड्यामुळे का?"

नाही, आणि हा गैरसमज सगळ्यात जास्त आहे. खड्ड्यात पल्स कमी असते पण दाब सावरलेला असतो. अंधारी येते त्याआधी, शिखराजवळ, ज्या दोन-चार सेकंदांत श्वास सुटला, स्नायू सुटले आणि बीपी कोसळलं. ग्राफवर तिथे काहीच वाईट दिसत नाही, लाइन छान वर असते. मेंदू हार्टच्या वर आहे, उभ्या माणसात दाब कोसळला की पहिली झळ त्याला. बार लॉक करून उभं असताना किंवा ठेवून झटक्यात सरळ होताना लोक पडतात ते म्हणून. उचलायच्या आधी भराभर पाच-सहा मोठे श्वास घ्यायची सवय असेल तर आणखी वाईट, त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो आणि मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात. फ्रंट स्क्वॉटला बार गळ्यावर टेकला तर मानेतला सेन्सरही दाबला जातो, ते वेगळंच.

उपाय साधे आहेत. एक किंवा दोन श्वासच घ्यायचे, प्रत्येक रेपच्या वर किंवा खाली श्वास बदलायचा, पाच रेप एकाच श्वासात मारायचे नाहीत. अवघड टप्पा पार झाला की श्वास भसकन न सोडता ओठ आवळून फुस्स करत सोडायचा, म्हणजे दाब पायरीपायरीने उतरतो. बार ठेवल्यावर लगेच ताठ न होता रॅक धरून दोन-तीन श्वास. डोकं हलकं झालं तर सरळ जमिनीवर बसा, लाज बाळगू नका, पडताना डोकं बारवर आपटलं तर ते जास्त लाजिरवाणं.

## "मग श्वास कोंडायचाच कशाला? नस फुटेल की"

320 आकडा वाचून हे वाटणारच. मेंदूतल्या रक्तवाहिन्यांना थोडं संरक्षण असतं, कारण कुंथताना छातीतला दाब मेंदूभोवतीच्या पाण्यालाही पोचतो, म्हणजे नळीच्या आतही दाब वाढतो आणि बाहेरूनही, भिंतीवरचा फरक आकड्याएवढा मोठा राहत नाही. उलट श्वास सोडत उचललं तरी स्नायू नळ्या चेपतातच, बीपी वाढतंच, जरा कमी. हलक्या आणि मध्यम वजनाला तसंच करावं, तिथे कोंडायची गरज नाही. कमाल वजनाला मात्र हवा सोडत बसलात तर बाटलीचं झाकण उघडलं.

पण हे संरक्षण सगळ्यांना पुरेसं नाही. ताब्यात नसलेलं बीपी, महाधमनीला किंवा मेंदूतल्या धमनीला आलेला फुगवटा, नुकतंच झालेलं डोळ्याचं किंवा पोटाचं ऑपरेशन, काचबिंदू, हर्निया, डोळ्याच्या पडद्याचा त्रास, यातलं काही असेल तर जड वजन आणि कुंथणं दोन्ही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. कधीकधी निरोगी माणसालाही जोराच्या सेटनंतर एका डोळ्यात लाल-काळा डाग दिसतो, पडद्यातली बारीक नस फुटलेली असते. बहुतेक वेळा भरून येतं, पण त्याच दिवशी डोळ्याच्या डॉक्टरकडे जायचं. बीपीसाठी बीटा ब्लॉकर गोळ्या चालू असतील तर पल्सची टेकडीच बुटकी दिसेल, ते फिटनेस वाढल्याचं लक्षण समजू नका.

मित्राला मी विचारलं की ग्राफवर खड्डा आला तेव्हा तुला काय वाटत होतं. म्हणाला काही नाही, बरं वाटत होतं, श्वास लागला होता एवढंच. आणि त्याच्या आधी, 134 ला? जरा थांबला, मग म्हणाला, हां, तेव्हा एक क्षण कान बंद झाल्यासारखे झाले होते आणि मी रॅक धरला होता. छातीत दुखणं, ठोके वेडेवाकडे पडणं, खड्ड्यातून पल्स एका मिनिटानंतरही वर न येता 40 च्या आसपास अडकणं आणि सोबत चक्कर, हे असतं तर त्याला ग्राफ घेऊन माझ्याकडे नाही, डॉक्टरकडे पाठवलं असतं. त्याला फक्त पुढच्या वेळी रॅक आधीच धर म्हणून सांगितलं.